पावसाचं पाणी साठवायचंय? मग खड्ड्याआधी गच्चीचा उतार तपासा

२०२४ हे वर्ष पुणेकरांच्या लक्षात राहिलं ते दोन टोकांच्या अनुभवांमुळे. उन्हाळ्यात शहरातल्या अनेक सोसायट्या टँकरच्या रांगेत होत्या. २५ जुलैला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. बरोबर दोन महिन्यांनी, २५ सप्टेंबरला, शिवाजीनगरच्या हवामान केंद्रात २४ तासांत १३३ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्यातला बराचसा पाऊस अवघ्या काही तासांत पडला.

असं काही झालं की सोशल मीडियावर एक सल्ला हमखास फिरतो: ‘प्रत्येक सोसायटीनं रेन वॉटर हार्वेस्टिंग करावं, म्हणजे टँकरही लागणार नाही आणि रस्तेही तुंबणार नाहीत.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. हार्वेस्टिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो जमिनीतला खड्डा किंवा बोअर. यंत्रणा बिघडते ती मात्र बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी वर, गच्चीवर. तिथला उतार, पाणी बाहेर पडायची तोंडं आणि खाली येणारे पाइप यांचा विचार हार्वेस्टिंगच्या आधी आणि हार्वेस्टिंगसाठीच व्हायला हवा.

तो विचार नेमका कसा करायचा आणि त्यातून किती अपेक्षा ठेवायची, हे एका उदाहरणातून समजून घेऊ.

नियम काय सांगतो?

महाराष्ट्रात, मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच ‘यूडीसीपीआर’, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिच्यानुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामात पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जमिनीत मुरवण्याची सोय करणं बंधनकारक आहे. सोय केली नाही किंवा ती नीट राखली नाही, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी करता येते. पुणे महापालिका अशा यंत्रणेसाठी मिळकतकरात ५ टक्के सवलतही देते. सौरऊर्जा किंवा गांडूळ खत यांपैकी आणखी एखादी सोय असेल तर ही सवलत १० टक्के होते.

याच नियमांमध्ये एक ओळ आहे, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. छताच्या दर १०० चौरस मीटरला १०० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे चार इंची, किमान दोन पाइप असावेत. म्हणजे पाणी साठवण्याचा नियम करतानाच ते गच्चीवरून चटकन उतरलं पाहिजे, हेही नियमाला अभिप्रेत आहे.

प्रत्यक्षात कामाचा क्रम बहुधा उलटा असतो. स्लॅब पडतो, वॉटरप्रूफिंगवाला आपल्या अंदाजानं उतार काढतो, प्लंबर सोयीच्या कोपऱ्यात पाइप सोडतो आणि इमारतीच्या पूर्णत्वाच्या दाखल्याची वेळ आली की हार्वेस्टिंगवाला येऊन हाताशी आलेला एखादा पाइप खड्ड्याला जोडतो. कागदावर यंत्रणा पूर्ण होते, पण गच्चीवरचं निम्म्याहून अधिक पाणी त्या पाइपकडे येतच नाही.

एका गच्चीचा हिशोब

समजा, कोथरूडमध्ये एक चार मजली इमारत आहे. तिची सपाट गच्ची २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद, म्हणजे २४० चौरस मीटर आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. पुण्याचा वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या थोडा वर आहे. बाष्पीभवन, उडणारे तुषार आणि सोडून द्यावं लागणारं सुरुवातीचं घाण पाणी मिळून साधारण २० टक्के वजा केले, तरी या गच्चीवरून वर्षाला सुमारे १ लाख ३४ हजार लिटर पाणी मिळू शकतं. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचं तर तेरा टँकर.

हा आकडा आकर्षक आहे आणि जाहिरातींमध्ये तोच दिसतो. पण गच्चीची रचना वर्षाच्या सरासरीवर करता येत नाही, ती सगळ्यात वाईट तासावर करावी लागते. तासाला ५० मिलिमीटर वेगानं पाऊस कोसळला, तर याच गच्चीवर मिनिटाला २०० लिटर पाणी जमा होतं. वेग १०० मिलिमीटरवर गेला, तर ४०० लिटर.

इमारतींसाठीच्या प्रचलित तक्त्यानुसार, तासाला १०० मिलिमीटर पावसात चार इंची पाइप सुमारे ४० चौरस मीटर छताचं पाणी वाहून नेतो. म्हणजे २४० चौरस मीटरच्या गच्चीला सहा पाइप हवेत. वरच्या नियमाप्रमाणे हिशोब केला तर पाच येतात. अनेक जुन्या इमारतींच्या एवढ्याच गच्चीवर दोन किंवा तीनच पाइप आढळतात.

पाइप कुठे, यावर उतार ठरतो

गच्चीच्या कोब्याला साधारण शंभरास एक उतार देतात. म्हणजे दर मीटरला एक सेंटीमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाइप कुठे आहेत त्यावर कोब्याची जाडी आणि वजन ठरतं.

आपल्या उदाहरणातले सहाही पाइप एकाच लांब बाजूला ठेवले, तर पाण्याला पलीकडच्या कठड्यापासून बारा मीटर प्रवास करावा लागतो. मग पाइपाजवळ कोबा ५ सेंटीमीटर धरला, तर पलीकडे तो १७ सेंटीमीटरवर जातो. तेच तीन-तीन पाइप दोन्ही लांब बाजूंना ठेवले आणि गच्चीच्या मधोमध उंचवटा काढला, तर पाण्याचा सर्वांत लांब प्रवास सात मीटरच्या आत येतो आणि मधला कोबा १२ सेंटीमीटरमध्ये बसतो. ढोबळ हिशोबानं सरासरी जाडीत अडीच सेंटीमीटरचा फरक पडतो. पूर्ण गच्चीवर तो सहा घनमीटर, म्हणजे ११ ते १२ टन वजन होतो. फक्त पाइपांच्या जागा बदलून इमारतीच्या डोक्यावरचं एवढं ओझं कमी होतं.

म्हणून पाइपांच्या जागा आधी ठरवायच्या आणि उतार नंतर काढायचा. पाइपाचं तोंड स्लॅबच्या पातळीला, कोबा टाकण्यापूर्वीच बसवायचं. कोबा झाल्यावर कठडा फोडून पाइप घातला, तर त्या सांध्यातूनच पुढे शेवटच्या मजल्यावर ओल उतरते. तोंडाभोवतीची साधारण दीड फुटाची चौकट आजूबाजूपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खोल ठेवली, की पाणी तिथे ओढल्यासारखं येतं. त्यावर सपाट जाळीऐवजी घुमटाकार जाळी चांगली. सपाट जाळी पिंपळाच्या चार पानांनी किंवा एका प्लास्टिकच्या पिशवीनं बंद होते. घुमटाला कडेनं वाट उरते.

पुण्यातल्या गच्च्यांवर आणखी एक अडथळा असतो, तो म्हणजे सोलरचा. पॅनेलचे किंवा सोलर हीटरचे पाय विटांच्या सलग ओट्यावर बसवले आणि ते ओटे उताराला आडवे आले, की गच्चीवर छोटे बांधच तयार होतात. ओटे उताराच्या दिशेनं घ्यायचे किंवा सुटे ठोकळे वापरायचे, एवढंच पथ्य पाळावं लागतं. पाण्याच्या पाइपांवर केलेल्या सिमेंटच्या आडव्या गादीचंही तसंच आहे.

उतार बरोबर आहे की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चांगला पाऊस थांबल्यावर तासाभरानं गच्चीवर जाऊन कुठे डबकी उरली आहेत ते पाहायचं आणि खडूनं त्यांच्या कडा आखायच्या. पावसाळ्याबाहेर पाहायचं असेल, तर शेवाळाचे काळे आणि क्षारांचे पांढरे गोल डाग हीच डबक्यांची खूण असते. एखादं डबकं पाइपाच्या तोंडालगतच असेल, तर तोंड कोब्यापेक्षा उंच बसलं आहे असं समजावं.

पाइप तुंबला तर?

सपाट गच्ची आणि सभोवती बंद कठडा म्हणजे एक मोठं टाकंच. पाइपांची तोंडं तुंबली आणि १० सेंटीमीटर पाणी साठलं, तर २४० चौरस मीटरवर २४ टन वजन उभं राहतं. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात वापराचा भार दर चौरस मीटरला १५० किलो धरलेला आहे. १५ सेंटीमीटर पाणी साचलं की तो पूर्ण वापरला गेला.

यावर उपाय स्वस्त आहे. कठड्यात, पाइपाच्या तोंडापेक्षा पाचेक सेंटीमीटर उंचीवर, आरपार जाणारी एक-दोन मोकळी भोकं ठेवायची. एरवी ती कोरडी असतात. त्यांतून पाणी पडताना दिसलं, की मुख्य तोंड तुंबल्याची सूचना सगळ्या सोसायटीला मिळते. जिन्याच्या दाराचा उंबरा या भोकांपेक्षा उंच हवा, नाहीतर पाणी आधी जिन्यात शिरेल.

वजनाचा हाच मुद्दा जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतही येतो. गळती लागली की जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकून उतार सुधारला जातो. सरासरी आठ सेंटीमीटरचा नवा थर दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो कायमचं वजन घालतो. म्हणजे जेवढा भार माणसांच्या वापरासाठी राखलेला होता, तेवढाच. त्यामुळे जुना थर काढूनच नवा टाकायचा, किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

अनेक सोसायट्या यातून सुटका म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. हार्वेस्टिंगसाठी पत्रा चांगलाच, कारण त्याचा उतार जास्त असतो आणि पाणी मुरत नाही. मात्र शेडला परवानगी लागते का, हे आधी पाहावं लागतं. शिवाय पत्र्यावरून पाणी कोब्यापेक्षा खूप वेगानं येतं. पन्हाळ अरुंद असेल किंवा तिला दोनच पाइप असतील, तर जोराच्या सरीत पाणी पन्हाळीवरून उडी मारून थेट शेजारच्या भिंतीवर जातं.

खाली आलेल्या पाण्याचं काय करायचं?

पहिली अट म्हणजे पावसाळी पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले नसावेत. तसे असतील, तर मोठ्या पावसात चेंबर उसळतात आणि मैलापाणी तळमजल्यावर येतं. कोणता पाइप कुठे जातो, हे गच्चीवरून बादलीभर रंगीत पाणी सोडून आणि खाली चेंबर उघडून पाहता येतं.

आता आपल्या इमारतीच्या सहा पाइपांपैकी चार हार्वेस्टिंगला जोडायचे आणि दोन थेट पावसाळी गटाराकडे मोकळे सोडायचे, असं ठरवू. त्यामुळे वर्षाचं पाणी १ लाख ३४ हजारांवरून सुमारे ९० हजार लिटरवर येतं. पण फिल्टर तुंबला तरी गच्चीला दोन वाटा शिल्लक राहतात. ही सुरक्षिततेची किंमत आहे आणि ती मोजण्यासारखी आहे.

चार पाइपांचं पाणी एकत्र आणणाऱ्या जमिनीतल्या पाइपालाही उतार लागतो. तो इमारतीला वळसा घालून तीस-पस्तीस मीटर गेला, तर शेवटी ३० सेंटीमीटरहून खोल उतरतो. म्हणून खड्ड्याची किंवा टाकीची जागाही गच्चीवरच्या पाइपांबरोबरच ठरवायला हवी.

जूनमधल्या पहिल्या सरी धूळ, पानं आणि पारव्यांची विष्ठा घेऊन येतात. हे पाणी बाजूला काढायला वेगळी झडप असावी, असं नियमही सांगतो. चार पाइपांखालच्या १६० चौरस मीटरसाठी पहिल्या दोन मिलिमीटरचं पाणी, म्हणजे ३२० लिटर, सोडून द्यायचं. पावसात दहा-बारा दिवसांचा खंड पडला, तर पुन्हा तेच करायचं.

त्यानंतर येतो फिल्टर. तासाला ५० मिलिमीटर पावसात या चार पाइपांतून मिनिटाला सुमारे १३० लिटर पाणी येतं. फिल्टर घेताना त्याची मिनिटाची क्षमता विचारायची ती याचसाठी. ती कमी असेल तर पाणी पाइपात मागे चढतं, सांध्यांमधून फवारे उडतात आणि शेवटी कुणीतरी वैतागून पाइप कापून टाकतो. फिल्टरच्या आधी जास्तीचं पाणी गटाराकडे नेणारी एक फाटा-वाट ठेवली की ही वेळ येत नाही.

खड्डा किती पाणी पितो?

नियमात सांगितलेला शोषखड्डा साधारण १.२ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि अडीच मीटरपर्यंत खोल असतो. त्यात दगड, खडी आणि वाळू भरलेली असते. म्हणजे प्रत्यक्ष पाण्याला जागा उरते ती सुमारे ४० टक्के, जेमतेम १,४०० लिटर. मिनिटाला १३० लिटर पाणी आलं, तर तो अकरा मिनिटांत भरतो. त्यानंतर जमीन जेवढं पिईल तेवढंच आत जातं, बाकीचं बाहेर.

जमीन किती पिईल, हे पुण्यात दर काही मीटरवर बदलतं. शहराखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. वरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक पाणी घेतो, अखंड पाषाण जवळपास काहीच घेत नाही. खड्ड्याचा तळ अखंड खडकावर टेकला असेल, तर ती फक्त एक दगडांनी भरलेली टाकी उरते. कोरड्या दिवसांत खड्ड्यात टँकरचं पाणी ओतून पातळी तासाला किती उतरते ते पाहिलं, तर खरं चित्र कळतं. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल, तर जागा बदलायला हवी.

नदीकाठच्या सखल भागात वेगळीच अडचण आहे. तिथे पावसाळ्यात भूजल आधीच वर आलेलं असतं आणि तळघरातल्या पार्किंगमधून पंपानं पाणी उपसावं लागतं. अशा इमारतीनं तळघराला लागून पाणी मुरवलं, तर तेच पाणी भिंतीतून परत येतं. बोअरमध्ये पाणी सोडणाऱ्यांनी बोअरचं तोंड जमिनीपासून उंच ठेवायला हवं. रस्त्यावर साचलेलं गढूळ पाणी आत शिरलं, तर भूजलच खराब होतं.

मग पूर थांबेल का?

नुसत्या शोषखड्ड्यानं नाही. तो हलक्या आणि मध्यम सरींचं पाणी मुरवायला चांगला. ढगफुटीसारख्या तासात मात्र तो सुरुवातीलाच भरतो आणि नंतरचं पाणी नेहमीसारखंच रस्त्यावर येतं.

त्या तासाचा भार हलका करायचा असेल, तर खड्ड्याच्या आधी टाकी हवी. आपल्या इमारतीनं दहा हजार लिटरची भूमिगत टाकी बांधली, तर चार पाइपांवर तासाभरात पडणारा ५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आठ हजार लिटर, त्यात मावतो. टाकी भरल्यावर वरचं पाणी शोषखड्ड्यात आणि तिथूनही उरलेलं गटारात. टाकीतलं पाणी फ्लश, गाड्या धुणं आणि बागेसाठी वापरायचं. प्यायला किंवा स्वयंपाकाला नाही.

यात एक अट लपलेली आहे. टाकी पुढच्या पावसाआधी रिकामी असेल, तरच ती पुराच्या वेळी उपयोगी पडते. उन्हाळ्यासाठी पाणी राखून ठेवावं असं वाटणं स्वाभाविक आहे, पण दहा हजार लिटर म्हणजे एक टँकर, जो मोठ्या सोसायटीत एका दिवसात संपतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये टाकी रोज वापरायची आणि रोज रिकामी करायची, सप्टेंबरअखेरीस शेवटची भरून ठेवायची, हा व्यवहार्य मार्ग आहे. वर्षभराचे नऊ टँकर एकदम साठत नाहीत, ते पावसाळ्यात दिवसागणिक वाचतात.

२५ सप्टेंबर २०२४ च्या १३३ मिलिमीटर पावसात अशा एका गच्चीवर जवळपास ३२ हजार लिटर पाणी पडलं असतं. दहा हजार लिटर टाकीत, काही हजार जमिनीत आणि उरलेलं गटारात, अशी त्याची वाटणी झाली असती. एका गल्लीतल्या वीस इमारतींनी प्रत्येकी एक रिकामी टाकी राखली, तर दोन लाख लिटर पाणी त्या संध्याकाळी रस्त्यावर येत नाही. मात्र त्यासाठी ते पाणी आधी गच्चीवरून टाकीपर्यंत पोहोचायला हवं, आणि ते ठरतं मीटरमागे एक सेंटीमीटरच्या उतारावर.